गोळी किती किलोची?

विंचू चावलेलं बारा किलोचं मूल, केसपेपरवर 'प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, तोंडावाटे' असा आदेश आणि कपाटात १ मिलिग्रॅमच्या गोळ्यांची पट्टी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना लहान मुलांच्या औषधाची मात्रा काढायला शिकवायचं तर मराठवाड्यात याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड. यातला गुणाकार कुणालाही येतो: ३० गुणिले १२ म्हणजे ३६०. अडचण त्यापुढे सुरू होते. हे ३६० मायक्रोग्रॅम आहेत आणि पट्टीवर मिलिग्रॅम छापलेत. इथे एखादी विद्यार्थिनी रूपांतर करायचंच विसरते, तर एखादी १००० ऐवजी १०० ने भागते. पहिलीचं उत्तर येतं ३६० गोळ्या. ते पाहून ती स्वतःच थांबते आणि गणित पुन्हा करते. दुसरीचं उत्तर येतं ३.६ गोळ्या, आणि धोका आहे तो इथे, कारण हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा दिसतो. तीन-चार गोळ्या एका वेळी घेणारे रुग्ण वॉर्डात असतातच. हजारपट चूक लपत नाही, दहापट चूक मात्र सहज सिरिंजमध्ये उतरते. म्हणून माझं म्हणणं असं की उत्तर साधारण किती यायला हवं, हे सूत्र मांडण्याआधी ठरवायची सवय विद्यार्थिनींना लावावी, आलेलं उत्तर उलट्या वाटेने तपासायला लावावं, आणि या दोन्ही गोष्टींना परीक्षेत स्वतंत्र गुण ठेवावेत.

हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. बीडच्या दक्षिणेला, सोलापूर-धुळे महामार्गावरचं चौसाळ्यासारखं गाव घ्या. आजूबाजूला शेतं, दगडी बांध, गंजी, पालं. अशा भागात विंचूदंशाचं मूल दवाखान्यात आलं तर नवल नाही. लाल विंचवाच्या विषाने मुलाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि पुढे फुप्फुसात पाणी होऊन जीव जाऊ शकतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला अशा रुग्णांवर काम केलं. 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली त्यांनी या दंशाची लक्षणं मांडली आणि १९८६ साली प्राझोसिनचा उपयोग नोंदवला. विषाची लक्षणं दिसणाऱ्या मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, गरजेप्रमाणे दर तीन तासांनी, ही मात्रा पुढे रूढ झाली. नुसती दंशाच्या जागी वेदना असेल तर हे औषध लागत नाही, ते डॉक्टर ठरवतात. पण एकदा ठरलं की मात्रा अचूक लागते. प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतं. कमी पडलं तर विषाचा जोर ओसरत नाही, जास्त झालं तर आधीच घामाने आणि उलट्यांनी कोरड्या पडलेल्या मुलाचा रक्तदाब कोसळतो. म्हणून औषध दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, कडेवर उभं धरायचं नाही आणि रक्तदाब पाहत राहायचा, हेही गणिताच्याच तासाला सांगावं.

उत्तराचा अंदाज घ्या, असं नुसतं सांगून भागत नाही. अनुभवी सिस्टरला अंदाज येतो, कारण तिच्या डोळ्यांसमोर शेकडो मुलं गेलेली असतात. पहिल्या वर्षाच्या मुलीकडे तो साठा नाही. तिला अंदाज बांधता येईल अशी एक रीत द्यावी लागते. माझ्या मते सगळ्यात सोपी रीत म्हणजे औषध हातात घेऊन विचारायचं: ही एक गोळी किती किलोच्या मुलाची? एका मिलिग्रॅमच्या गोळीत १००० मायक्रोग्रॅम असतात. किलोला ३० लागतात. १००० भागिले ३० म्हणजे साधारण ३३. म्हणजे ही गोळी ३३ किलोच्या मुलाची झाली, सहावी-सातवीतल्या. आपलं मूल १२ किलोचं, म्हणजे त्याच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. तेव्हा उत्तर अर्ध्या गोळीपेक्षा कमी आणि पाव गोळीपेक्षा जास्त यायला हवं. हे वहीच्या कोपऱ्यात आधी लिहायचं, मगच गणिताला हात घालायचा. आता ३.६ गोळ्या असं उत्तर आलं, तर ते कोपऱ्यातल्या नोंदीशी भांडतं आणि विद्यार्थिनीला थांबावंच लागतं. प्राझोसिनची हळूहळू विरघळणारी अडीच मिलिग्रॅमची गोळी चुकून हातात आली, तरी हाच प्रश्न उपयोगी पडतो. तिचं उत्तर येतं ८३ किलो. शिवाय ती गोळी कुटायचीच नसते. कुटली की सावकाश सुटायचं औषध एकदम सुटतं.

आता पूर्ण गणित. ३० मायक्रोग्रॅम गुणिले १२ किलो म्हणजे ३६० मायक्रोग्रॅम. हजाराने भागून ०.३६ मिलिग्रॅम. साध्या गोळीचा इतका तुकडा ब्लेडने पाडता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या संमतीने १ मिलिग्रॅमची गोळी बारीक कुटून एकूण १० मिलि होईल इतक्या पाण्यात मिसळता येते. मग १० मिलिमध्ये १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिमध्ये १००. आपल्याला हवेत ३६०, म्हणजे ३.६ मिलि. गाठ इथेच आहे. ३.६ हा तोच आकडा, जो मघाशी गोळ्या म्हणून चुकीचा होता आणि आता मिलि म्हणून बरोबर आहे. हे विद्यार्थिनींच्या लक्षात आणून दिलं की आकड्यामागे एकक लिहिण्याचा आग्रह का, याचं वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. भुकटी पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून ढवळल्या ढवळल्या लगेच औषध ओढायचं. पाच मिलिच्या सिरिंजवर दर ०.२ मिलिला रेघ असते, त्यामुळे ३.६ ची रेघ नेमकी मिळते. सुई लावायची नाही, सिरिंजवर औषधाचं नाव आणि 'तोंडावाटे' अशी चिठ्ठी लावायची, आणि उरलेलं पाणी टाकून द्यायचं.

एककांचं रूपांतर शिकवताना 'दशांश चिन्ह तीन घरं डावीकडे सरकवा' ही युक्ती सर्रास सांगितली जाते. ती मी टाळण्याच्या मताची आहे. डावीकडे की उजवीकडे हे ताणाच्या वेळी हमखास उलटं होतं, आणि घरं मोजताना एक घर चुकलं की तीच दहापट चूक समोर उभी राहते. त्याऐवजी वाक्य पाठ असावं: १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. आणि प्रत्येक रूपांतराआधी एक प्रश्न: मोठ्या एककाकडे चाललोय की लहान? मोठ्याकडे निघालो तर आकडा लहान व्हायला हवा. ३६० मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम करताना आकडा कमी झाला नाही, तर पुढे जायचंच नाही. लिहिण्याच्या दोन सवयी याच्याच जोडीला लावाव्यात. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, '.३६' नव्हे, '०.३६', कारण घाईत लिहिलेलं टिंब पुसट होतं. आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य नको, '५.०' नव्हे, '५', कारण टिंब दिसलं नाही तर पाचाचे पन्नास होतात. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा, त्याची खूण किंवा लघुरूप वापरू नये. घाईच्या हस्ताक्षरात ते मिलिग्रॅमसारखं वाचलं जातं आणि एका अक्षरात हजारपट फरक पडतो.

गोळ्यांपेक्षा पातळ औषधांत फसगत जास्त, कारण तिथे मिलि एकच दिसतो आणि आतलं औषध वेगळं असतं. पॅरासिटामॉल हे रोजचं औषध घ्या. आपल्याकडे ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, ५ मिलिमध्ये २५० मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत दर मिलिला १०० मिलिग्रॅम असतात. ८ किलोचं बाळ, मात्रा किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. पहिल्या सिरपचे ४.८ मिलि, दुसऱ्याचे २.४, थेंबांचे १.२. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि तिन्हींमधलं प्रत्येक उत्तर दुसऱ्या बाटलीसाठी चूक आहे. ४.८ मिलि हा आकडा लक्षात ठेवून थेंबांच्या बाटलीतून औषध काढलं, तर बाळाच्या पोटात ४८० मिलिग्रॅम जातात, किलोला ६०. म्हणजे साधारण दिवसभराची मर्यादा एकाच घोटात. तशी मात्रा दर सहा तासांनी जात राहिली तर यकृताला इजा होते. ही भीती केवळ कागदावरची नाही. अमेरिकेत याच गोंधळापायी उत्पादकांनी २०११ साली तान्ह्यांचे दाट थेंब बंद करून सगळ्या मुलांसाठी एकच तीव्रता ठेवायचं ठरवलं. आपल्याकडे तिन्ही बाटल्या एकाच फळीवर असू शकतात. इथेही किलोचाच प्रश्न विचारावा: या बाटलीतला १ मिलि किती किलोच्या मुलाचा? पहिल्या सिरपमध्ये मिलिला २५ मिलिग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलोला थोडं कमी. थेंबांचा १ मिलि साडेसहा किलोच्या पुढचा. मग आठ किलोच्या बाळाला थेंबांचे पाच मिलि कसे लागतील, हे कुणी न सांगता कळतं. आईला सांगतानाही 'एक चमचा' म्हणू नये. घरातले चमचे लहान-मोठे असतात. बाटलीबरोबर आलेल्या मापावर किंवा सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्यावी आणि तिच्याकडून एकदा भरून घ्यावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो तक्त्यांचा. सरकारी कार्यक्रमांत वजनाप्रमाणे मिलि छापलेले तक्ते असतात, मग गणित कशाला? तक्ते उत्तमच आहेत आणि घाईच्या वेळी तेच वापरावेत. पण तक्ता एका ठरावीक तीव्रतेचं औषध गृहीत धरतो. गंभीर जंतुसंसर्गाची शंका असलेल्या दोन महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशिष्ट परिस्थितीत, एएनएमने जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यावं यासाठी केंद्र सरकारने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. मात्रा किलोला ५ मिलिग्रॅम. बाळ २.४ किलोचं असेल तर १२ मिलिग्रॅम. नेहमीच्या अँप्यूलमध्ये २ मिलित ८० मिलिग्रॅम, म्हणजे मिलिला ४०, आणि उत्तर ०.३ मिलि. समजा, साठा संपला आणि २ मिलित २० मिलिग्रॅमचं, मुलांसाठीचं अँप्यूल आलं. त्यात मिलिला १० मिलिग्रॅमच आहेत, तर लागतील १.२ मिलि. तक्त्यातला ०.३ तसाच ठेवला तर बाळाला चतुर्थांश औषध जाईल आणि संसर्ग वाढत राहील. उलट, कुणी १.२ हा आकडा सवयीने धरला आणि पुन्हा जुनं अँप्यूल आलं, तर ४८ मिलिग्रॅम जातील, चौपट. जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकतं. तक्ता चुकलेला नसतो, हातातली काच बदललेली असते. म्हणून तक्ता वापरणाऱ्या सिस्टरलाही अँप्यूलवरची तीव्रता वाचून तक्त्याच्या माथ्यावर छापलेल्या तीव्रतेशी जुळवता यायला हवी, आणि जुळली नाही तर गणित यायला हवं. याच उदाहरणात दहापट चूक किती सोपेपणाने पकडता येते तेही दाखवावं. ०.३ ऐवजी ३ मिलि आलं, तर दोन मिलिचं एक अँप्यूल पुरत नाही, दुसरं फोडावं लागतं. अडीच किलोच्या बाळाच्या एका इंजेक्शनासाठी दुसरं अँप्यूल फोडायची वेळ आली, की हात थांबलाच पाहिजे. लहान मुलांत हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. क्वचित औषधाची तीव्रताच कमी असते आणि खरंच दोन लागतात, पण तेव्हाही थांबून पुन्हा मोजल्याने नुकसान काहीच नाही.

दुसरा आक्षेप असा की मात्रा डॉक्टर ठरवतात, सिस्टरने फक्त द्यायची. पण डॉक्टर बहुधा मिलिग्रॅम लिहितात, मिलि सिस्टरच्या हातून ठरतात, आणि वर मोजलेली प्रत्येक चूक नेमकी त्या टप्प्यावरची आहे. तिसरा आक्षेप मोबाइलचा. भागाकार मोबाइलवर करायला माझी हरकत नाही. मोबाइल १०० ने भागायला सांगितलं तर बिनचूक १०० ने भागतो, म्हणून त्याच्या उत्तराशी ताडून पाहायला कोपऱ्यातला अंदाज लागतोच. चौथा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो ट्यूटरच घेतात: जीएनएमला कला शाखेतून येणाऱ्या मुलींनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो, त्यांना सूत्र पाठ करून देणंच बरं. मला वाटतं, हा युक्तिवाद उलटा आहे. 'हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा गुणिले आकारमान' हे सूत्र ज्यांना गणिताची भीती आहे त्यांनाच सर्वांत जास्त फसवतं. वर मायक्रोग्रॅम आणि खाली मिलिग्रॅम घातले तरी सूत्र तक्रार करत नाही. 'एका मिलित किती, मग इतक्यासाठी किती मिलि' ही मांडणी मात्र बाजारात पाव किलोचा भाव काढणाऱ्या कुणालाही येते. यात लागणारा गुणाकार-भागाकार प्राथमिक शाळेतला आहे. कमी पडते ती मांडणी, आणि ती शिकवता येते. शिकवताना चुकीची सोडवलेली गणितं द्यावीत आणि चूक कुठे झाली ते शोधायला लावावं. प्राझोसिनच्या ३.६ गोळ्या, जेंटामायसिनचे ३ मिलि, ग्रॅममधलं वजन किलो समजून केलेला गुणाकार, अशी चारपाच उदाहरणं पुरतात. दुसऱ्याची चूक शोधताना मुली न घाबरता विचार करतात, आणि वॉर्डात पडताळणी करताना तेच काम करायचं असतं.

राहिला वेळेचा प्रश्न. तातडीच्या वेळी एवढं कोण करणार? अंदाजाला दोन श्वास लागतात. उलट पडताळणीला साधारण तितकेच. ती कागदावरून सुरू करायची नाही, भरलेल्या सिरिंजवरून करायची. सिरिंजमध्ये ३.६ मिलि दिसतात, मिलिला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३६०, भागिले १२ किलो, म्हणजे किलोला ३०. केसपेपरवरही ३०. कागदावरचंच गणित पुन्हा वाचलं तर डोळा तीच चूक दुसऱ्यांदा बरोबर ठरवतो. सिरिंजपासून निघालं की वाट वेगळी होते, आणि सिरिंज जास्त भरली गेली असेल तर तेही कळतं. दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना हेच पथ्य हवं. तिला 'हे ३.६ बरोबर ना?' असं विचारलं तर ती मान डोलावेल. तिला मुलाचं वजन, आदेश आणि गोळीची पट्टी द्यावी, आपलं उत्तर झाकून ठेवावं, तिचं उत्तर येऊ द्यावं आणि मग दोन्ही शेजारी ठेवावीत. प्रात्यक्षिक परीक्षेत जोड्या करून हे सहज घेता येतं. दहा गुणांच्या गणिताला आधी लिहिलेल्या अंदाजाचे दोन, एककांसह मांडणीचे चार, उत्तराचे दोन आणि सिरिंजपासून केलेल्या उलट पडताळणीचे दोन, अशी वाटणी मी सुचवीन. नुसतं बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलीला दहापैकी दोनच मिळाले, तर पुढच्या वेळी कोपरा रिकामा राहणार नाही.

या साऱ्या तपासण्या एक गोष्ट पकडू शकत नाहीत, आणि ती विद्यार्थिनींना स्पष्ट सांगायला हवी. वजनच चुकलं असेल तर अंदाज, गणित आणि पडताळणी तिन्ही एकमेकांशी छान जुळतात आणि तिन्ही चुकतात. बीड जिल्ह्यात हा प्रश्न मोठा आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल हंगाम संपल्यावर परत येतं, तेव्हा अंगणवाडीच्या कार्डावरचं वजन कित्येक महिन्यांपूर्वीचं असतं. मधल्या काळात ते वाढलं असेल किंवा आजारपणात घटलंही असेल. म्हणून कार्डावरचा आकडा उतरवायचा नाही, आईच्या सांगण्यावर जायचं नाही, आज काट्यावर ठेवूनच वजन घ्यायचं, जड कपडे काढून, आणि किलोमध्ये लिहायचं. तान्ह्यांचा काटा ग्रॅम दाखवतो. २४०० असं दिसलं की त्याच क्षणी २.४ किलो लिहून एककही लिहावं. वजनावर ढोबळ लक्ष ठेवायला एक ठोकताळा आहे: एक ते सहा वर्षांच्या मुलासाठी वयाची दुप्पट अधिक आठ. दोन वर्षांच्या मुलाचं १२ किलो येतं. हा ठोकताळा मात्रा काढण्यासाठी नाही, कारण कुपोषित मूल त्याच्या बरंच खाली असतं आणि त्याला त्याच्या खऱ्या वजनानेच औषध मिळायला हवं. तो फक्त काट्यावरच्या आकड्याला प्रश्न विचारण्यासाठी आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर २१ किलो दिसलं तर कुणीतरी १२ उलटं लिहिलंय का, हे पाहायचं, आणि मूल पुन्हा काट्यावर ठेवायचं. तरीही जुळलं नाही तर औषध भरायचं थांबवून डॉक्टरांना आकड्यांसकट विचारायचं: 'सर, मूल दोन वर्षांचं, आत्ता वजन १२ किलो, आदेशाप्रमाणे ३६० मायक्रोग्रॅम येतात, पण केसपेपरवर ६३० लिहिलेत. किती देऊ?'